प्रत्येक वेळी संमती लागतेच असं नाही: छोट्या व्यवसायाने माहिती वापरण्याचा कायदेशीर आधार कसा ठरवावा

गुहागरच्या बाजूला पाच खोल्यांचं होमस्टे चालवणाऱ्या एका काकूंचे हिशेब मी बघते. त्यांच्या वेबसाइटसाठी कुणीतरी ‘प्रायव्हसी पॉलिसी’ करून दिली होती, ती त्यांनी मला वाचायला पाठवली. अकरा पानं होती आणि एक वाक्य तीनदा आलं होतं: ‘आम्ही आपली माहिती आमच्या वैध हितसंबंधांच्या आधारे वापरतो.’ काकूंनी विचारलं, "हे वैध हितसंबंध म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "काकू, हे युरोपच्या कायद्यातलं आहे. आपल्या कायद्यात असा आधारच नाही."

हे एकट्या काकूंचं नाही. इंटरनेटवर सापडणारे बहुतेक नमुने जीडीपीआर या युरोपच्या कायद्यावर बेतलेले असतात. तिथे माहिती वापरण्याचे सहा आधार आहेत: संमती, करार, कायद्याने लादलेलं कर्तव्य, जीव वाचवणं, सार्वजनिक काम आणि वैध हितसंबंध, म्हणजे व्यवसायाची स्वतःची रास्त गरज. आपला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याच्या चौथ्या कलमात दोनच दारं आहेत. एक संमतीचं. दुसरं सातव्या कलमात मोजून दिलेल्या ‘ठरावीक वैध वापरां’चं. करार हा स्वतंत्र आधार नाही आणि ‘आमच्या धंद्याला गरज आहे’ हाही नाही. त्यामुळे नमुना उतरवून घेतला की आपण नसलेल्या पायावर भिंत बांधतो.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. व्यवसायांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील असं अधिसूचनेत आहे. तोवर कुठली माहिती कशासाठी आणि कोणत्या आधारावर वापरतो याची वही नीट लावायला वेळ आहे. काकूंबरोबर बसून मी ती कशी लावली, तेच इथे पायरीपायरीने सांगते. दुकान, क्लास किंवा दवाखाना असेल तर उदाहरणं बदलतील, प्रश्न तेच राहतील.

पायरी १: माहिती कुठे कुठे पडली आहे ते शोधा

कायद्याच्या पुस्तकापासून सुरुवात करू नका, स्वतःच्या मोबाइलपासून करा. आम्ही दुपारी चहा घेऊन बसलो आणि एका पाहुण्याचा प्रवास पहिल्या फोनपासून शेवटपर्यंत लिहिला. पाहुणा व्हॉट्सॲपवर विचारतो, "शनिवार-रविवार खोली आहे का?" मग नाव, किती माणसं, किती वाजता पोहोचणार. ॲडव्हान्स यूपीआयने येतो, तेव्हा बँकेतलं नाव दिसतं. आल्यावर आधार कार्डाचा फोटो. रजिस्टरमध्ये पत्ता, सही, गाडीचा नंबर. जेवणाच्या वेळी "आईंना डायबिटीस आहे, भात कमी." निघताना बिल. दिवाळीआधी सगळ्या जुन्या नंबरांना ऑफरचा मेसेज.

मोबाइलची गॅलरी उघडली तेव्हा खरी गंमत कळली. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आपोआप गॅलरीत जात होते आणि गॅलरीचा बॅकअप मुलाच्या ईमेल खात्यावर. चार वर्षांतल्या पाहुण्यांची आधार कार्डं, नातवाच्या बारशाच्या फोटोंच्या मधे मधे.

कागदी रजिस्टरबद्दल एक बारकावा. हा कायदा डिजिटल माहितीला लागतो, किंवा कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या माहितीला. नुसत्या वहीला लागत नाही. पण त्या वहीच्या पानाचा फोटो काढून अकाउंटंटला, म्हणजे मला, पाठवला की तो लागू झाला.

पायरी २: माहितीनुसार नव्हे, कामानुसार ओळी पाडा

नवख्यांची पहिली चूक इथे होते. ते वहीत ‘मोबाइल नंबर’ अशी एक ओळ लिहितात आणि पुढे ‘आधार: संमती’ असं लिहून मोकळे होतात. नंबराला आधार नसतो. त्या नंबराचं आपण जे करतो, त्याला आधार लागतो. काकूंकडे एकाच नंबराची तीन कामं निघाली: बुकिंग पक्कं करणं आणि रस्ता सांगणं, बिल पाठवणं, दिवाळीची ऑफर पाठवणं. पहिल्या दोघांना संमतीचा वेगळा अर्ज लागत नाही, तिसऱ्याला लागतो. म्हणून वहीत तीन ओळी.

त्याच बैठकीत प्रत्येक ओळीसमोर विचारा: ही माहिती नसती तर काम अडलं असतं का? गाडीचा नंबर रजिस्टरमध्ये का लिहितो, तर "पूर्वीपासून लिहितो" एवढंच उत्तर आलं. तो रकाना आम्ही काढून टाकला. न घेतलेल्या माहितीला कुठलाच आधार लागत नाही.

पायरी ३: प्रत्येक ओळीला क्रमाने प्रश्न विचारा

सातव्या कलमात ए पासून आय पर्यंत नऊ उपकलमं आहेत. त्यातली दोन सरकारी यंत्रणांसाठी आहेत, कोर्टाच्या आदेशाचं आणि साथीच्या रोगाचं उपकलम होमस्टेला रोजच्या कामात लागत नाही. आपत्तीचं एक आहे. निसर्ग वादळासारखी वेळ आली आणि तहसील कार्यालयाने विचारलं की तुमच्याकडे कोण कोण अडकलंय, तर यादी द्यायला ते पुरेल. रोजच्या उपयोगाची राहतात चार. मी ती या क्रमाने तपासते.

पहिला प्रश्न: ही माहिती सरकारला कळवा असं एखाद्या कायद्यात लिहिलंय का? असेल तर ७(डी). याचं चोख उदाहरण म्हणजे परदेशी पाहुणा. तो आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, सगळे त्याला अजून ‘फॉर्म सी’च म्हणतात. पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, पुढे कुठे जाणार. इथे पाहुण्याला "आपली संमती आहे का?" असं विचारणं चुकीचंच आहे, कारण तो नाही म्हणाला तरी आपण कळवणारच आहोत. ज्या प्रश्नाच्या ‘नाही’ला किंमत नाही, तो प्रश्न विचारून माणसाला फसवल्यासारखं होतं. त्यापेक्षा सरळ सांगावं: हे कायद्याने कळवावं लागतं.

पण ७(डी) दिसतं तेवढं ऐसपैस नाही. ते ‘कायद्याने करावं लागणारं कुठलंही काम’ असं म्हणत नाही. ‘सरकारला किंवा त्याच्या यंत्रणेला माहिती कळवण्याचं कायदेशीर बंधन’ असं म्हणतं, आणि तेही त्या दुसऱ्या कायद्यात सांगितलेल्या रीतीने. म्हणजे फॉर्म भरून झाल्यावर पासपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये कायमचा ठेवायला हे उपकलम कामाला येत नाही.

मग भारतीय पाहुण्यांच्या आधार कार्डाचं काय? काकू म्हणाल्या, "पोलीस मागतात." मी विचारलं, "कागद आहे?" नव्हता. माझा सल्ला असा की पोलीस ठाण्यात जाऊन विचारावं, लेखी आदेश किंवा नोंदणीची अट असेल तर तिची प्रत घ्यावी आणि त्यात जेवढं मागितलंय तेवढंच घ्यावं. बऱ्याचदा ओळखपत्राचा प्रकार आणि नंबराची नोंद पुरते, फोटो काढायची गरज नसते. फोटो घ्यायचाच असेल तर मास्क्ड आधार मागा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र दिलं तरी हरकत घेऊ नका. आणि लेखी बंधन सापडलं नाही, फक्त आपल्या मनाच्या शांतीसाठी घेत असाल, तर ती ओळ संमतीच्या दारात जाते. ‘पोलीस मागतात’ हा आधार नाही. कुठल्या आदेशाने मागतात, तो आधार.

दुसरा प्रश्न: ही माहिती कामावर ठेवलेल्या माणसाची आहे का? असेल तर ७(आय). काकूंकडे स्वयंपाकाला एक बाई, साफसफाईला एक मुलगी आणि बागेला एक गडी. पगार जमा करायला बँक खातं, हजेरी, रजा, घरचा पत्ता, अडीनडीला कळवायचा नंबर हे सगळं ‘नोकरीच्या कामासाठी’ या शब्दांत बसतं. मालकाला नुकसानीपासून वाचवणं हेही त्यात आहे, म्हणजे गल्ल्याची चावी कुणाकडे होती याची नोंद ठेवता येते. नोकराकडून संमती घेणं मला तसंही पटत नाही. मालकापुढे उभा राहून कोण नाही म्हणणार?

पण हेही उपकलम नोकरीच्या कुंपणापर्यंतच. बाई मोदक वळतानाचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकायचा, तर ते जाहिरातीचं काम झालं. तिथे खरंच विचारा, आणि ती नको म्हणाली तर हात तेवढे दाखवा, चेहरा नको. कामासाठी अर्ज करून गेलेल्या पण न ठेवलेल्या माणसाचा बायोडाटा त्याने स्वतःहून दिलेला असतो. तो पुढच्या प्रश्नात येतो, आणि जागा भरली की तो ठेवायचं कारण संपतं.

तिसरा प्रश्न: जिवावर बेतलंय का? मग ७(एफ). खडकावर पाय घसरून पाहुणा बेशुद्ध पडला, तुम्ही त्याला रुग्णालयात नेलंत, तिथे नाव, वय, बायकोने सांगितलेली रक्त पातळ करायची गोळी सांगितलीत, बुकिंगच्या वेळचा नंबर काढून भावाला फोन लावलात. यातलं काहीही करायला थांबायची गरज नाही. त्याचा फोटो ‘आपलं गाव’ ग्रुपवर टाकणं मात्र यात बसत नाही.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. छोट्या व्यवसायाचं निम्म्याहून जास्त काम इथेच बसतं, म्हणून इथे जरा थांबू.

पायरी ४: ‘आपणहून दिलेली माहिती’ नीट ओळखा

७(ए) म्हणतं: माणसाने स्वतःहून एखाद्या ठरावीक कामासाठी माहिती दिली आणि त्या कामासाठी ती वापरायला नको असं सांगितलं नाही, तर त्या कामापुरती ती वापरता येते. कायद्यातच याची उदाहरणं दिली आहेत. एक औषधाच्या दुकानातलं: गिऱ्हाइक नंबर देऊन म्हणतं, पैसे मिळाल्याचा मेसेज पाठवा. दुकानदार तो मेसेज पाठवू शकतो. दुसरं घरांच्या एजंटचं: बाई मेसेज करून म्हणते, मला भाड्याने जागा बघून द्या. एजंट तिची माहिती जागा शोधण्यासाठी वापरू शकतो, पण पुढे तिने ‘आता नको’ म्हटलं की त्याला थांबावंच लागतं.

ही उदाहरणं काकूंच्या व्हॉट्सॲपवर ठेवून बघा. "दोन रात्रींसाठी खोली हवी आहे, आम्ही चौघं, शुक्रवारी रात्री पोहोचू" असा मेसेज आला. पाहुण्याने आपणहून माहिती दिली, काम स्पष्ट आहे, नको म्हटलेलं नाही. खोली राखून ठेवणं, रस्ता पाठवणं, "फेरी किती वाजता आहे" हे कळवणं, बिल पाठवणं, सगळं ७(ए)त बसतं. आईच्या डायबिटीसचंसुद्धा, कारण ते जेवणासाठीच सांगितलं होतं. युरोपात यालाच ‘करार’ म्हणाले असते. आपल्याकडे तेच काम बहुतेक वेळा ७(ए) करतं, पण त्याला एक बिजागरी आहे: माणूस नको म्हणाला की दार मिटतं.

काम कुठे संपतं ते ओळखणं हीच इथली खरी कसरत. माझी साधी कसोटी अशी: त्या पाहुण्याला हा मेसेज गेला तर तो "बरं झालं कळवलंत" म्हणेल, की "यांना माझा नंबर कुठून मिळाला" असं त्याच्या मनात येईल? "उद्या मुसळधार पाऊस आहे, घाटातून सांभाळून या" हे पहिल्यात. "दिवाळी स्पेशल, तीन रात्रींवर एक मोफत" हे दुसऱ्यात, मग तो आपल्याकडे तीनदा राहून गेलेला का असेना. त्याने नंबर राहण्यासाठी दिला होता, जाहिरातीसाठी नाही. हीच गोष्ट बुकिंगच्या मोठ्या वेबसाइटवरून आलेल्या पाहुण्याची.

दुसरी कसरत ‘आपणहून’ या शब्दाची. पाहुण्याने मेसेजमध्ये नाव-नंबर दिलं, ते आपणहून. पण तुम्ही गुगल फॉर्म पाठवलात, त्यात बारा प्रश्न, सगळ्यांवर लाल तारा, आणि भरल्याशिवाय बुकिंग नाही, तर त्याला आपणहून म्हणणं अवघड आहे. तिथे माहिती तुम्ही मागताय. अशा वेळी मी पळवाट शोधत नाही. फॉर्म दोन-तीन प्रश्नांवर आणते, आणि उरलेलं मागायचंच असेल तर नोटीस देऊन रीतसर संमती घ्यायला सांगते.

मुलांचं प्रकरण वेगळं ठेवा. कायद्याने अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. होमस्टेला यातून बाहेर पडायचा सोपा मार्ग आहे: मुलांची नावं, जन्मतारखा लिहूच नका. ‘दोन मोठे, दोन लहान’ एवढ्यावर गादीही घालता येते आणि जेवणही करता येतं.

पायरी ५: उरलं ते संमतीच्या दारात

चारही प्रश्नांतून जी ओळ निसटली, तिला संमती लागते. काकूंकडे अशी मुख्य ओळ दिवाळीच्या ऑफरची. संमती म्हणजे आधी नोटीस: कोणती माहिती, कशासाठी, नको झाल्यावर कसं कळवायचं, तक्रार कुठे. मग स्पष्ट होकार. आणि संमती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. आम्ही निघतानाच्या मेसेजमध्ये हे जोडलं:

"पुढच्या सुट्ट्यांच्या ऑफर तुम्हाला या नंबरावर पाठवू का? हवं असेल तर ‘हो’ लिहा. नंबर फक्त त्यासाठीच वापरू. नको झालं की ‘बंद’ लिहा, त्याच दिवशी बंद करू. संपूर्ण माहिती आणि तक्रारीचा पत्ता या लिंकवर आहे."

उत्तर आलं नाही तर तो नकार. ‘हो’ आलं तर तो मेसेज जपून ठेवा, कारण वाद झाला तर संमती घेतली होती हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर असतं. काकूंना धास्ती होती की कुणीच हो म्हणणार नाही. काही लोक म्हणतात. जे म्हणतात ते येतातही.

जुन्या नंबरांचं काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. कायदा लागू होण्याआधी ज्यांनी संमती दिली असेल, त्यांना लवकरात लवकर नोटीस पाठवायची आणि ते नको म्हणेपर्यंत चालू ठेवता येतं. पण काकूंनी कधी विचारलंच नव्हतं. मग त्या नंबरांना जुनी संमती म्हणता येणार नाही. आम्ही ऑफर बंद केली आणि पुढच्या पाहुण्यांपासून नव्याने सुरुवात केली.

पायरी ६: सीसीटीव्हीसारख्या अडलेल्या ओळी

गेटवर कॅमेरा आहे. युरोपात हे वैध हितसंबंधांत घातलं असतं: उद्देश खरा आहे का, त्यासाठी हे लागतंच का, आणि समोरच्याच्या हिताला धक्का लागतो का, असे तीन प्रश्न विचारून. आपल्या सातव्या कलमात पाहुण्यांच्या सीसीटीव्हीसाठी वेगळं उपकलम नाही. कामाच्या माणसांपुरतं ७(आय) लावता येतं, पाहुण्यांना ते लागू नाही. स्वतःच्या घरापुरता वापर कायद्याच्या बाहेर आहे, पण इथे धंदा आहे, म्हणून ती सूटही मिळत नाही.

मी काकूंना जे सांगितलं ते सावधपणाचं आहे: बुकिंगच्या नोटीसमध्ये कॅमेऱ्याचा उल्लेख करून संमती घ्या, गेटवर मराठी-इंग्रजी पाटी लावा, कॅमेरा फक्त गेट आणि गाड्यांकडे वळवा, आवाज बंद ठेवा. व्हरांड्यात झोपाळ्यावर बसलेली माणसं दिसता कामा नयेत. रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जायची मुदत कमीत कमी ठेवा आणि ती का निवडली ते वहीत लिहा. युरोपचे तीन प्रश्न आपल्याला आधार देत नाहीत, पण कॅमेरा कुठे वळवावा हे ठरवायला चांगले आहेत.

अडलेली दुसरी ओळ पैसे न देता गेलेल्या पाहुण्याची. कायदेशीर हक्क वसूल करण्यासाठी माहिती लागत असेल तर सतराव्या कलमात सूट आहे. वकिलाला त्याचं नाव-पत्ता देता येतो. त्याचा फोटो आणि नंबर होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर ‘याला खोली देऊ नका’ म्हणून टाकणं ही वसुली नव्हे.

पायरी ७: वहीत एक ओळ पूर्ण लिहा

आधार डोक्यात ठेवू नका, तारखेसह लिहून ठेवा. काकूंच्या वहीतली एक ओळ अशी आहे:

काम: परदेशी पाहुण्याची माहिती कळवणे. माहिती: पासपोर्ट, व्हिसा, येण्या-जाण्याचं ठिकाण. आधार: ७(डी). बंधन कुठून: परदेशी नागरिकांविषयीचा २०२५ चा कायदा. कुठे ठेवतो: सरकारी पोर्टलवर, पावतीचा क्रमांक वहीत. फोटो: फॉर्म भरला की मोबाइलमधून आणि बॅकअपमधून पुसणे. कोण पुसतं: मुलगा, दर सोमवारी.

शेवटची दोन वाक्यं सगळ्यांत जास्त कामाची आहेत. पुसणाऱ्याचं नाव आणि वार लिहिला नाही तर पुसलं जात नाही.

‘किती दिवस ठेवायचं’ हा रकाना आधाराशी जोडलेला आहे. काम संपलं की माहिती पुसायची, पण दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितली असेल तर ठेवायची. बिलाचं उदाहरण घ्या. बिल पाठवणं ७(ए)त होतं. पाहुणा गेला, काम संपलं. तरी जीएसटी नोंदणी असेल तर त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब ठेवावे लागतात. म्हणून पाहुणा "माझं सगळं पुसा" म्हणाला तर व्हॉट्सॲपचं संभाषण आणि डायबिटीसची नोंद पुसा, बिल राहू द्या आणि का राहतंय ते त्याला दोन ओळींत कळवा. नव्या नियमांत प्रक्रियेच्या नोंदी किमान वर्षभर ठेवायची तरतूदही आहे. त्यामुळे पुसण्याची मुदत ठरवताना ती एकदा अकाउंटंट किंवा वकिलाकडून तपासून घ्या.

आधार बदलला की समोरच्याचे हक्कही बदलतात. संमती आणि ७(ए) मध्ये माणूस आपली माहिती बघायला, दुरुस्त करायला, पुसायला मागू शकतो. ७(डी) किंवा ७(आय) मध्ये ते हक्क तसे मिळत नाहीत, पण तक्रार ऐकून घेणं सगळीकडे बंधनकारक आहे. म्हणून कुणाशी बोलायचं तो नंबर वेबसाइटवर दिसला पाहिजे. आणि माहिती सांभाळण्याची जबाबदारी कुठल्याही आधाराने सुटत नाही. सुरक्षेत कुचराई केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पाच खोल्यांच्या होमस्टेला कुणी तेवढा दंड ठोकणार नाही, दंड ठरवणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाला चूक कशी आणि केवढी आहे ते बघूनच रक्कम ठरवायची आहे. पण चार वर्षांची आधार कार्डं मुलाच्या ईमेलवर असणं ही नेमकी तीच कुचराई.

परदेशातल्या गिऱ्हाइकांबद्दल

जर्मन पाहुणा आला म्हणून जीडीपीआर लागू होत नाही. तो आपल्याकडे येऊन राहतोय, आपण त्याच्या देशात विकायला गेलेलो नाही. पण युरोपात राहणाऱ्यांना लक्ष्य करून जर्मन भाषेत पान केलं, दर युरोत लावले, तिथे जाहिराती चालवल्या, तर तो कायदा लागू शकतो. घरगुती फराळ किंवा हापूसची पेटी थेट युरोपातल्या मराठी कुटुंबांना विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यांना तिथले सहा आधार वापरता येतात: पेटी पोचवायला करार, हिशेब ठेवायला कायदेशीर कर्तव्य, फसवणूक रोखायला वैध हितसंबंध. मात्र तिथला कायदा आधाराचं नाव ग्राहकाला आधीच सांगायला लावतो, वैध हितसंबंध असेल तर नेमकं कुठलं हित तेही, आणि ग्राहकाने जाहिरात नको म्हटलं की ती थांबवावीच लागते. अशा व्यवसायाने दोन वह्या ठेवाव्यात, एक इथली, एक तिथली. एकाच पानावर दोन्ही मिसळली की काकूंच्या अकरा पानांसारखं होतं.

काकूंची पॉलिसी आता दीड पानाची आहे. गॅलरी रिकामी करायला मुलाला दोन संध्याकाळ लागल्या. व्हॉट्सॲपचं ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केलं, म्हणजे पाहुण्यांचे फोटो आता बारशाच्या फोटोंत जात नाहीत. पोलीस ठाण्यातून अजून लेखी काही मिळालेलं नाही, म्हणून त्या ओळीपुढे आम्ही पेन्सिलीने ‘संमती’ लिहून ठेवलंय.